डायरेक्ट कूल फ्रीजचा बर्फ काढल्यावर आठ दिवसांत परत साचतो: कारण कसं शोधायचं आणि बर्फ सुरक्षित कसा काढायचा

तक्रार नेहमी एकाच स्वरूपात येते. रविवारी फ्रीज बंद करून सगळा बर्फ काढला, पुसून घेतलं, आणि पुढच्या रविवारी फ्रीझरमध्ये परत बोटभर जाड थर. मग गॅस भरावा लागेल का, थर्मोस्टॅट गेला का, असे प्रश्न सुरू होतात. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. एक तर बाहेरची दमट हवा कुठून तरी सतत आत येत असते, नाही तर मागच्या वेळी बर्फ पूर्ण निघालेलाच नसतो. दुसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं, आणि डिफ्रॉस्टचं बटण वापरणाऱ्यांच्या बाबतीत ते हमखास सापडतं.

हे सगळं एकदारी फ्रीजला लागू आहे, ज्यात वरच्या बाजूला फ्रीझरचा खण असतो, त्याला आतून वेगळं छोटं दार असतं आणि खाली चिलर ट्रे असतो. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचला तर त्याची कारणं वेगळी असतात.

वितळवण्याआधी बर्फ नीट पाहा

प्लग काढायची घाई करू नका. बर्फ कुठे आहे आणि कसा आहे, यातच अर्धं निदान असतं, आणि तो वितळला की पुरावा गेला. मोबाइलमध्ये दोन-तीन फोटो काढून ठेवा.

भुरभुरा, पांढरा, नखाने खरवडला की पावडर पडणारा बर्फ हवेतल्या बाष्पातून आलेला असतो. काचेसारखा, कडक, निळसर किंवा पारदर्शक बर्फ म्हणजे तिथे आधी द्रव पाणी होतं आणि ते गोठलं. दोन्ही एकत्र असतील, म्हणजे खाली काचेचा थर आणि वर भुसभुशीत, तर मागच्या डिफ्रॉस्टमध्ये पाणी पूर्ण निघालं नव्हतं असं समजायला हरकत नाही.

आता जागा. चारही भिंतींवर साधारण सारखा, पांढरा थर असेल तर ओलावा सर्वसाधारणपणे जास्त येतोय. फ्रीझरच्या तोंडाशी, कडेकडेने बर्फाची झालर लागली असेल तर आतलं छोटं दार नीट मिटत नाही. मागच्या बाजूला तळाशी कडक बर्फाची लादी असेल तर पाणी वाहून जायची वाट बंद आहे किंवा ट्रे पुढेमागे सरकलाय. आणि फ्रीझरचा फक्त एखादा कोपरा किंवा एक बाजू पांढरी, बाकीचा भाग नुसता ओलसर, अशी स्थिती दिसली तर मात्र गॅस कमी झाल्याची शंका रास्त आहे. ही एकच खूण मेकॅनिककडे बोट दाखवते, आधीच्या तिन्ही गोष्टी घरी सुटतात.

डिफ्रॉस्ट बटण दाबून बर्फ का वाढतो

थर्मोस्टॅटच्या नॉबच्या मधोमध असलेलं बटण दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो. फ्रीझरच्या पत्र्याला एका ठिकाणी थर्मोस्टॅटची बारीक नळी चिकटवलेली असते. त्या जागेचं तापमान शून्याच्या वर, सुमारे ५-६ अंशांपर्यंत चढलं की बटण आपोआप बाहेर येतं आणि कॉम्प्रेसर परत सुरू होतो.

अडचण 'एका ठिकाणी' या शब्दांत आहे. थर्मोस्टॅटला फक्त त्या नळीजवळचा पत्रा कळतो. थर ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर सगळीकडचा बर्फ जवळपास एकाच वेळी सुटतो आणि बटण आपलं काम चोख करतं. पण थर २ सेंटिमीटरचा असेल तर नळीजवळचा बर्फ आधी सुटतो, तिथला पत्रा गरम होतो, बटण बाहेर येतं, आणि बाकी ठिकाणचा अर्धवट वितळलेला, पाण्याने भिजलेला बर्फ तसाच परत गोठतो. भुसभुशीत बर्फाचा असा काचेसारखा गठ्ठा होतो. बटण रात्री दाबून झोपलं तर सकाळी फ्रीज व्यवस्थित चालू असतो, बर्फ थोडा कमी दिसतो, आणि जे उरलंय ते आधीपेक्षा घट्ट चिकटलेलं असतं. पुढच्या वेळी याच्यावरच नवा थर चढतो.

म्हणून बटणाची मर्यादा लक्षात ठेवा: थर ५-६ मिलिमीटरच्या आत असेल तर बटण, त्यापुढे असेल तर प्लग काढून हाताने डिफ्रॉस्ट. थर मोजायला प्लास्टिकची पट्टी चालेल, नाही तर अंदाज घ्या. थर करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढा जाड झाला म्हणजे बटणाचे दिवस संपले.

हाताने काढायची तयारी

आधी हिशोब, म्हणजे किती पाणी निघणार आहे त्याची कल्पना येईल. फ्रीझरचा खण ४५ सेंटिमीटर रुंद, ३० खोल आणि १८ उंच आहे असं धरा. वरची, खालची, दोन्ही बाजूंची आणि मागची अशी आतली सगळी भिंत मिळून सुमारे ४,६०० चौरस सेंटिमीटर होते. त्यावर १ सेंटिमीटर घट्ट बर्फ म्हणजे चार किलोच्या वर. हे चार लिटर पाणी खालच्या चिलर ट्रेमध्ये मावत नाही. तो भरून सांडतो, पाणी भाज्यांच्या डब्याखाली जाऊन बसतं, आणि पुढच्या आठवड्यात तेच पाणी बाष्प होऊन वर बर्फ बनतं. एवढ्या साध्या कारणाने बर्फ परत साचलेला असतो, आणि शोध मात्र थर्मोस्टॅटमध्ये चाललेला असतो.

नॉब शून्यावर आणून थांबू नका, प्लग भिंतीतून काढा. नॉब शून्यावर असला तरी आतला दिवा आणि वायरिंग चालूच असतं, आणि आपण तिथे ओल्या हातांनी काम करणार आहोत. गोठलेल्या वस्तू वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, एकमेकींना चिकटवून एका पिशवीत ठेवा आणि वर जाड रजई टाका. दूध आणि शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर तासाभरातच त्याची सोय लावा. दोन जुने टॉवेल फ्रीजच्या पायांशी अंथरा.

आता गरम पाणी. वाफ येतेय पण उकळत नाही, साधारण ६०-७० अंश, असं एक लिटर पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात घ्या. फ्रीझरच्या तळाशी घडी घातलेला कपडा ठेवा, त्यावर भांडं ठेवा आणि आतलं छोटं दार लोटून घ्या. कपडा यासाठी, की तापलेलं भांडं थेट पत्र्याला किंवा प्लास्टिकला लागू नये. फ्रीजच्या आतलं प्लास्टिक उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या आसपास नरम पडतं, वाकतं आणि एकदा वाकलं की परत सरळ होत नाही. दर १०-१५ मिनिटांनी पाणी बदला.

किती भांडी लागतील? एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. ७० अंशांचं एक लिटर पाणी १० अंशांपर्यंत गार होताना सुमारे २५० किलोजूल देतं. म्हणजे सगळी उष्णता बर्फालाच मिळाली तरी एका भांड्याने पाऊण किलो वितळतो. चार किलोंना सहा भांडी. काही उष्णता बाहेर निसटते, पण खोलीच्या हवेचीही मदत होते, त्यामुळे दीड-दोन तासांत काम उरकतं. खोलीच्या हवेवर सोडलं तर दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. घाई असेल तर मुख्य दार उघडं टाकून, चार-पाच फुटांवरून टेबल फॅनचा झोत आत सोडा. हवा हलती राहिली की बर्फ फार लवकर सुटतो. फॅनची वायर पाण्याच्या वाटेत येऊ देऊ नका.

सुरी का नको

फ्रीझरचा खण म्हणजे नुसती पेटी नसते, तोच गॅस फिरवणारा भाग असतो. दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे एकावर एक दाबून त्यात नळ्यांची वाट फुगवलेली असते. पत्र्याची एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि नळीच्या भिंतीची त्याहूनही कमी. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं, काटा यातलं काहीही बर्फाखाली घातलं आणि हाताला जोर दिला की टोक बर्फातून घसरतं आणि सरळ त्या फुगवट्यावर येतं. फुस्स असा आवाज आला आणि त्या जागी तेलकट ओल दिसली तर नळी फुटली.

हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६०० ए नावाचा गॅस असतो, म्हणजेच आयसोब्युटेन. फ्रीजच्या मागच्या प्लेटवर ते लिहिलेलं सापडेल, सोबत ग्रॅममध्ये वजन असतं आणि ज्वलनशील असल्याची खूणही असते. घरगुती एकदारी फ्रीजमध्ये तो साधारण ५० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. इतक्याशा गॅसने काय होणार, असं वाटतं. हवेत घनमीटरमागे सुमारे ४३ ग्रॅम झाला की तो पेट घेऊ शकतो. मोकळ्या खोलीत ५० ग्रॅम सहज पातळ होऊन जातो. पण १९० लिटरच्या बंद फ्रीजमध्ये तो तसाच कोंडला तर प्रमाण कितीतरी पट चढतं. आत थर्मोस्टॅटची ठिणगी असते, दिव्याचा स्विच असतो. म्हणून नळी फुटली तर फ्रीजचं दार उघडंच ठेवा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, गॅसची शेगडी पेटलेली असेल तर ती विझवा, आणि प्लग लावायचा मोह टाळा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत रेंगाळतो, तेव्हा हवा खालूनही निघून जाईल असं पाहा.

फुटलेल्या जागी एपॉक्सी लावून देणारे भेटतात. तात्पुरतं जमतं, पण तोवर हवा आणि ओलावा आत शिरलेला असतो, फिल्टर बदलावा लागतो, व्हॅक्युम करून गॅस नव्याने भरावा लागतो. पाच मिनिटांची घाई एवढ्याला पडते.

मीठ टाकू नका. बर्फ लवकर विरघळतो हे खरं, पण खारट पाणी ॲल्युमिनियम खातं आणि काही महिन्यांनी त्याच पत्र्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, तेव्हा मिठाची आठवण कुणालाही होत नाही. मेणबत्ती, स्टोव्ह, हीटर यांचं नाव काढू नका. केस वाळवायचं यंत्र लोक वापरतात, पण समोर पाणी गळत असताना हातात विजेचं उपकरण धरणं म्हणजे धोक्याला आमंत्रण. गरम पाण्याचं भांडं पुरेसं जलद आहे.

बर्फाची कड सुटून हलायला लागली की ती हाताने किंवा लाकडी, बोथट कडेच्या पळीने उचला. हलत नसेल तर अजून दहा मिनिटं द्या. ओढून काढायचा बर्फ आणि निसटून येणारा बर्फ यातला फरक हाताला लगेच कळतो.

संपल्यावरची पंधरा मिनिटं

डिफ्रॉस्टचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे. बर्फ गेला की लोक एकदा फडकं फिरवतात आणि प्लग लावतात. पत्र्यावर दिसेल न दिसेल असा पाण्याचा पातळ पडदा राहिलेला असतो. तो चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काचेचा थर होतो, आणि त्या खडबडीत थरावर पुढचं बाष्प मुक्कामाला येतं.

कोरड्या सुती फडक्याने दोनदा पुसा. पहिल्यांदा पाणी टिपायला, दुसऱ्यांदा दहा मिनिटांनी, कारण सांध्यांतून आणि पत्र्याच्या घडीतून पाणी परत झिरपतं. मागच्या भिंतीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. चिलर ट्रे काढा, रिकामा करा, पुसा. ट्रेच्या मागे पाणी जायचं भोक असलेल्या फ्रीजमध्ये त्या भोकात थोडं कोमट पाणी ओता आणि फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये ते उतरतंय का बघा. उतरत नसेल तर मऊ प्लास्टिकची नळी किंवा लांब, लवचिक पट्टी हलक्या हाताने फिरवा. तारेने टोचू नका. काही फ्रीजमध्ये पाणी बाहेर जात नाही, ट्रे हातानेच रिकामा करायचा असतो. आपला कोणता ते हे भोक पाहून कळेल. शेवटी भाज्यांचा डबा काढून त्याखालचं पाणी पुसायला विसरू नका.

मग ट्रे जागेवर बसवा, नॉब मध्यावर ठेवा, प्लग लावा आणि तास-दोन तास फ्रीज रिकामाच चालू द्या. आधी पत्रे थंड होऊ द्या, सामान त्यानंतर. कोमट झालेलं सगळं सामान एकदम आत गेलं तर कॉम्प्रेसर तासन्‌तास थांबत नाही, आणि सामानावर धरलेलं पाणी पुन्हा पत्र्यावर जाऊन बसतं.

मग ओलावा येतो कुठून

नीट काढूनही बर्फ झपाट्याने परत आला, तर आता हवेचा हिशोब करू. ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. फ्रीजच्या आतल्या कोरड्या, थंड हवेत पाचेक ग्रॅमच्या आत. म्हणजे बाहेरची एक घनमीटर हवा आत आली की जवळपास २० ग्रॅम पाणी मागे ठेवून जाते, आणि फ्रीजमध्ये सगळ्यात थंड जागा फ्रीझरचा पत्रा असल्यामुळे बहुतेक पाणी तिथेच जातं.

१९० लिटरच्या फ्रीजमध्ये सामान सोडून मोकळी हवा १२० लिटर धरू. दार उघडलं की त्यातली निम्मी बदलते. एकदा उघडल्यावर सव्वा ग्रॅम पाणी. दिवसात २० वेळा उघडलं तर २५ ग्रॅम. तीन आठवड्यांत अर्धा किलो. हा अर्धा किलो घट्ट बर्फ म्हणून पसरला तर जेमतेम एक मिलिमीटर होईल, पण तो भुसभुशीत असतो, त्यामुळे ४-५ मिलिमीटर दिसतो. म्हणजे दमट हवेत तीन आठवड्यांत पाच मिलिमीटर हे फ्रीजचं दुखणं नव्हे, नेहमीची चाल आहे. बोटभर बर्फ आठवड्यात येतोय तर दार उघडण्याने तो हिशोब बसत नाही, दुसरं काही तरी आहे.

ते दुसरं बहुतेक वेळा दाराचं रबर असतं. रबराच्या फटीतून मिनिटाला फक्त एक लिटर हवा येत असेल तर दिवसात जवळजवळ दीड घनमीटर झाली, म्हणजे २९ ग्रॅम. न दिसणारी ही फट एकटी, वीस वेळा दार उघडण्याइतका ओलावा आणते. फट थोडी मोठी, मिनिटाला तीन लिटरची असेल तर आठवड्यात सहाशे ग्रॅम, आणि हा नेहमीच्या ओलाव्याव्यतिरिक्त.

रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. दारात पट्टी धरा, दार मिटा, हळू ओढा. पट्टी अडकली पाहिजे, ओढताना ताण जाणवला पाहिजे. चारही बाजूंना मिळून आठ-दहा ठिकाणी करा, आणि बिजागरीच्या बाजूकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे रबर दुमडून चपटं झालेलं असतं. पट्टी सहज सरकली त्या जागी पेन्सिलीने खूण करा. नंतर सौम्य साबणाच्या पाण्याने रबर आणि ते ज्यावर टेकतं ती कड धुवा. चिकट, वाळलेलं अन्न या कडेवर साचून फट तयार होणं फार नेहमीचं आहे. चपट्या झालेल्या जागी गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं धरा, रबर मऊ झालं की बोटांनी उभं करा आणि लगेच दार लावून रात्रभर सोडा. फाटलं असेल किंवा चुंबकाची पकडच गेली असेल तर ते बदलणं हाच उपाय. टेपने चिकटवून फक्त दिवस ढकलले जातात.

फ्रीजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवायचे असतात. अर्धवट उघडलेलं दार सोडून दिल्यावर ते स्वतःहून मिटलं पाहिजे. उघडंच राहिलं किंवा आणखी उघडलं तर पुढचे पाय थोडे वर घ्या.

उरलेली मुख्य वाट म्हणजे भांडी. दोन लिटर गरम अन्न उघड्या पातेल्यात आत ठेवलं की गार होताना त्यातून निघणारी वाफ दिवसभराच्या दार उघडण्याला मागे टाकते. भाज्या धुऊन, न वाळवता ठेवल्या तरी तसंच. झाकण आणि गार होईपर्यंतची वाट, यापलीकडे यात करण्यासारखं फारसं नाही.

एक नमुना

समजा, १९० लिटरचा फ्रीज, थर नऊ दिवसांत दीड सेंटिमीटर. वितळवण्याआधी पाहिलं तर फ्रीझरच्या तोंडाशी झालर आहे, मागे तळाशी कडक लादी आहे, मधल्या भिंतींवर पांढरा थर आहे. म्हणजे एकापेक्षा जास्त वाटा आहेत, आणि त्या एकेक करून बंद करायच्या.

डिफ्रॉस्ट झाल्यावर आतलं छोटं दार हाताने हलवून पाहिलं तर ते शेवटच्या बोटभर अंतरावर थबकतं. त्याची स्प्रिंग ढिली पडली आहे, शिवाय आतली एक मोठी पिशवी बाहेर डोकावत होती. स्प्रिंग बदलली, पिशवी आडवी लावली. पुढच्या खेपेला कागदाची पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यात सरकून आली, तिथे रबर चपटं झालं होतं, गरम फडक्याने उभं केलं. नऊ दिवसांनी झालर नाही, भिंतींवर जेमतेम ३ मिलिमीटर पांढरा थर, पण मागच्या तळाशी लादी मात्र तशीच. ती आता ठळक दिसतेय, कारण बाकीचा पसारा गेला. चिलर ट्रे काढला तर मागचं भोक अन्नाच्या कणांनी बुजलेलं. ते मोकळं केल्यावर पुढच्या डिफ्रॉस्टला पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरलं आणि लादीही गेली.

यात क्रम महत्त्वाचा आहे. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि बर्फ थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत सगळं करत बसावं लागतं. फोटोंची खरी गरज इथेच पडते.

थर्मोस्टॅट आणि गॅस कधी

रात्री, दार बंद असताना, नॉब मध्यावर ठेवून तीन तास लक्ष ठेवा. कॉम्प्रेसर थांबण्याचा आणि सुरू होण्याचा टक् असा आवाज येतो. तो एकदाही थांबला नाही तर फ्रीजच्या मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर टाकून दुसऱ्या दिवशी वाचा.

पाणी २ अंशांच्या खाली गेलंय, भाज्या गोठतायत, आणि तरी कॉम्प्रेसर चालूच आहे: थर्मोस्टॅटच्या आतले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटलेत किंवा त्याची नळी पत्र्यावरून सुटून लोंबतेय. बर्फ काढताना ओढाओढीत ही नळी सुटल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, तेव्हा आधी क्लिप बघा. ती नुसती सुटली असेल तर फ्रीजचा प्लग काढून जागेवर बसवता येते, पण नळी वाकवू किंवा पिळू नका, आत गॅस असतो. डिफ्रॉस्ट बटण दाबल्यावर किंवा नॉब शून्यावर नेल्यावरही कॉम्प्रेसर थांबत नसेल तर पॉइंट चिकटलेले आहेत, थर्मोस्टॅट बदलावा लागेल.

पाणी ८ अंशांच्या वर आहे आणि कॉम्प्रेसर न थांबता चालतोय: इथे फ्रीज नुसता धडपडतोय. बर्फ जाड असेल तर आधी तो काढून परत मोजा, कारण भुसभुशीत बर्फ पत्र्याची थंडी आत पोचू देत नाही. मागची जाळी धुळीने माखलेली असेल तर प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा आणि फ्रीज भिंतीपासून एक वीत पुढे घ्या. दोन्ही करूनही पाणी गार होत नाही आणि फ्रीझरचा एकच भाग पांढरा होतोय, तर मेकॅनिकला हीच दोन निरीक्षणं सांगा: पाण्याचं तापमान किती, आणि बर्फ कुठे थांबतो. फ्रीजच्या प्लेटवर आर ६०० ए असेल तर तेही फोनवरच सांगा, त्या गॅसला वेगळी साधनं आणि वेगळी खबरदारी लागते.